आमची वाटचाल: एका डॅशपायी दुकान बसता बसता राहिलं

धरमपेठेत एक टेबल अन् एक सेकंडहँड कॉम्प्युटर, एवढ्यावर मी अन् माझ्या पार्टनरनं वेबसाइटचं काम सुरू केलं. पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे इतवारीतले आमचे किराणावाले शेठ, मेसना ठोक माल पुरवायचे. त्यांनी दोन शब्द दिले, नागपूर आणि रसद, म्हणाले, "भाऊ, यातूनच वेबसाइटचं नाव काढा."

मी सरळ जोडलं, nagpurrasad, ११ अक्षरं. १२-१३ च्या आत असलं की बोर्डावर, बिलावर नीट बसते, म्हणून खूश झालो. पण सांध्यावर दोन r आले ना! वाचताना ते चुकल्यासारखे वाटत, म्हणून पार्टनर म्हणाला मधे डॅश टाकू. नियमात बसते (नावाच्या सुरुवातीला अन् शेवटी डॅश चालत नाही, मधे चालते), मग nagpur-rasad.in घेतलं अन् बिनडॅशचं सोडून दिलं. काही शे रुपये वाचवले म्हणा.

पुढं पार्टनर भांडून वेगळा झाला, अन् पहिलं काम काय केलं तर बिनडॅशचं नाव स्वतः घेतलं. आता फोनवर शेठ सांगायचे "नागपूर डॅश रसद", समोरचा डॅश गाळून टाकायचा, एकानं तर अंडरस्कोर लिहिला, जो डोमेनमध्ये चालतच नाही. मेसवाल्यांच्या ऑर्डरी पार्टनरकडे जायला लागल्या, त्यानं कोणत्याही पत्त्यावरचा मेल घ्यायची सोय करून ठेवली होती, त्यामुळे मेल परतही यायचा नाही. दोन महिने कळलंच नाही! शेवटी एक मेसवाली ताई फोनवर चिडली, "तीन मेल केले, उत्तर काहून नाही देत?" तेव्हा तिच्या सेंट मेलमधला पत्ता अक्षर अक्षर वाचून घेतला, डॅश नव्हता. शेठनी हिशोब मागितला, दुसरी दोन गिऱ्हाइकंही गेली, दुकानाचं भाडं थकलं.

शेठ मात्र राहिले. मग मी वहीत पुन्हा मांडलं, या वेळी शब्द उलटे केले, rasadnagpur. तीच ११ अक्षरं, पण सांध्यावर d अन् n, दोन वेगळी अक्षरं, डॅशची गरजच नाही. दुसरं काढलं होतं rasadwala, ते ९ च अक्षरांचं, पण चहावाल्या पोराला फोनवर एकदाच सांगून लिहायला लावलं तर त्यानं vala लिहिलं, कापलं. rasadnagpur त्यानं बरोबर लिहिलं, त्याच्या आईनंही. कागदावर नाव पाहून काही कळत नाही बावा, कानानं ऐकून कोणी काय टाइप करते ते पाहा. अन् डॅशवालं घ्यायचंच असेल तर आधी बिनडॅशचं घ्या.

बिनडॅशचं आजही त्या पार्टनरकडेच आहे, विचारलं तर तोंड वर करून किंमत सांगते. डॅशवालं मी दरवर्षी स्वतःच्या खिशातून रिन्यू करतो, कारण शेठच्या जुन्या बिलबुकांवर तेच छापलंय अन् ती बिलबुकं काही संपत नाहीत.