बीटाचा ज्यूस पोटात गेला, पण ऑक्सिजन काही कमी लागेना

मी पुण्यात एका स्पोर्ट्स फिजिऑलॉजी लॅबमध्ये काम करते. बघणाऱ्याला वाटतं मास्क लावला, ट्रेडमिलवर पळवलं, आकडा आला, झालं. पण सकाळचा बराच वेळ मशिनची मनधरणी करण्यातच जातो, तीन लिटरच्या सिरिंजने हवेचा प्रवाह तपासायचा, मग सिलेंडरमधला ठरलेला गॅस सोडून सेन्सर बरोबर वाचतायत का ते बघायचं, मास्कच्या कडेने गळती नाही ना म्हणून हात फिरवायचा. एवढं करूनही तोच माणूस त्याच स्पीडला दुसऱ्या दिवशी पळाला की ऑक्सिजनचा आकडा दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतोच. आणि बीटाचा ज्यूस प्यायला की त्याच स्पीडला ऑक्सिजन कमी लागतो, तो परिणाम केवढा, तर चांगला झाला तर तीन ते पाच टक्के. म्हणजे आम्ही जे शोधतो ते आमच्याच चुकीच्या मापाएवढं बारीक असतं. हे कोचलोकांना सांगितलं की ते असे बघतात जसं काही मी कारणं देतेय.

तर एक सातारकडचा पोरगा आला, हाफ मॅरेथॉनची तयारी करणारा, बरोबर त्याचे सर. सर बीटाचे एकदम भक्त. त्यांचं म्हणणं बीटाने रक्त वाढतं. आपल्याकडे हे घराघरात बोलतात, लाल ते लाल करतं असा हिशोब. शर्यतीसाठी जे काम होतं त्याच्याशी बीटाच्या लाल रंगाचा काही संबंध नाही, काम करतं ते नायट्रेट, ज्याला रंगच नसतो आणि जे पालकातही भरपूर असतं. पण सरांचा पुरावा तयार होता, "मॅडम, लघवी लाल येतीय त्याची, म्हणजे अंगी लागतंय." मी गप्प बसले. काही लोकांना बीट खाल्लं की लाल लघवी होतेच, त्यावरून नायट्रेटचं काय झालं ते कळत नाही.

आधी ज्यूस न देता चाचणी घेतली. ताशी १२ किमीच्या आरामशीर पळण्याला त्याला वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ४३ मिली ऑक्सिजन लागत होता. मग काही दिवस रोज ज्यूसच्या तयार छोट्या बाटल्या दिल्या, ७० मिलीत साधारण ४०० मिलीग्रॅम नायट्रेटवाल्या, कारण घरच्या ज्यूसमध्ये किती आहे ते शेत, खत, हंगाम यावर बदलतं आणि बीट उकडून पाणी ओतून दिलं तर बरंच नायट्रेट त्या पाण्याबरोबर जातं. चाचणीच्या दिवशी अडीच तास आधी बाटली प्यायला लावली, कारण नायट्रेटपासून बनणारं नायट्राइट रक्तात वर यायला दोन-तीन तास लागतात. आकडा आला ४२.८. म्हणजे काहीच नाही. आमच्या ज्युनियरने रिपोर्टवर लगेच 'नॉन-रिस्पॉन्डर' लिहून टाकलं, म्हणजे याच्यावर ज्यूसचा परिणामच होत नाही. हा शब्द मला अजिबात आवडत नाही, तो लावला की कोणी पुढे विचारच करत नाही. हां, चांगल्या तयार धावपटूंमध्ये परिणाम कमी दिसतो हे खरंय, त्यामुळे तसंही असू शकलं असतं.

पण मास्क काढून पाणी पिताना त्याचे दात दिसले. दातांच्या कडेला तपकिरी पट्टा, जीभही तशीच. मी विचारलं, "तंबाखू खातोस का रे?" पोरगा चिडलाच. "नाही मॅडम, आई शपथ! अक्कलदाढ काढलीय, डॉक्टरांनी माउथवॉश दिलाय." क्लोरहेक्सिडिन, म्हणजे तोंडातले बॅक्टेरिया मारणारं औषध. ठरलेले दिवस केव्हाच संपले होते, पण तोंड फ्रेश वाटतं म्हणून पठ्ठ्या सकाळ-संध्याकाळ गुळण्या करतच होता. डाग त्याचेच.

आता हे का महत्त्वाचं ते सांगते. नायट्रेट आपल्या शरीराला स्वतःहून फारसं वापरता येत नाही. ते पोटातून रक्तात जातं, मग त्यातला साधारण चौथा हिस्सा लाळग्रंथी ओढून घेतात आणि लाळेत सोडतात. म्हणजे गिळलेली वस्तू परत तोंडात येते! तिथे जिभेच्या मागच्या भागावरचे बॅक्टेरिया नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते आपण गिळतो, थोडं पोटातल्या आम्लातच नायट्रिक ऑक्साइड होतं, बाकीचं रक्तात जातं आणि जिथे ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त, म्हणजे नेमकं राबणाऱ्या स्नायूत, तिथे त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला सैल करतो, नळी रुंद होते. शरीर आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासूनही नायट्रिक ऑक्साइड बनवतं, पण त्या वाटेला ऑक्सिजन लागतो, म्हणून दमछाक होते तिथे ही बीटाची वाट कामाला येते. जिभेवरचे बॅक्टेरिया मारले की मधला पूल तुटला. २००८ सालीच लंडनच्या एका अभ्यासात बीटाचा ज्यूस पिऊन लोकांना लाळ थुंकत राहायला सांगितलं होतं, तर त्यांचं रक्तातलं नायट्राइटही वाढलं नाही आणि ब्लडप्रेशरही उतरलं नाही.

आमच्याकडे लाळेतलं नायट्राइट बघायच्या पट्ट्या असतात. त्याची लाळ लावली तर रंग फिकट, जेमतेम गुलाबी. बाटली पिऊन अडीच तास झालेल्या माणसाची पट्टी गडद गुलाबी व्हायला पाहिजे. दातांच्या डॉक्टरांना विचार आणि मगच बंद कर असं सांगितलं, कारण जखम भरली की नाही ते मला काय कळणार. त्यांनी हो म्हटलं. बॅक्टेरिया परत बसायला वेळ दिला, तेवढे दिवस बाटल्या चालूच. मग परत चाचणी. पट्टी गडद. आणि १२ च्या स्पीडला ४१.६. पहिल्यापेक्षा तीन टक्क्यांहून थोडं जास्त कमी.

सर खूश, ज्युनियर गप्प. मी मात्र अजून अडकलेय. पट्टीवरून कळलं की नायट्राइट तयार झालं, पण ऑक्सिजन त्यामुळेच कमी लागला का? मधल्या दिवसांत त्याचं ट्रेनिंग चालू होतं, आणि मास्कची सवय झाली की माणूस जरा सैल पळतो, त्यानेही आकडा उतरतो. शिवाय नळ्या रुंद झाल्या म्हणजे ऑक्सिजन कमी लागतो असं लोक सरसकट बोलतात ते बरोबर नाही. रुंद नळीने रक्त जास्त पोचतं, पण तेवढ्याच स्पीडला ऑक्सिजनचा खर्चच कमी का होतो हे त्यातून कळत नाही. तो खर्च कमी होतो हे २००७ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लोकांनी साध्या सोडियम नायट्रेटने दाखवलं, दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या टीमने बीटाच्या ज्यूसने. कारण काय, तर एक म्हणणं मायटोकॉन्ड्रिया तेवढ्या ऑक्सिजनमध्ये जास्त ऊर्जा बनवतात, दुसरं म्हणणं स्नायू आकसायलाच कमी ऊर्जा लागते. पहिल्या म्हणण्याला एका अभ्यासात आधार मिळाला, दुसऱ्या एका अभ्यासात नाही.

मला त्याला नायट्रेट काढलेला ज्यूस द्यायचा होता, तसाच लाल, चवही तीच, त्याला आणि सरांनाही न सांगता, दोन्ही बाटल्या आलटून पालटून. सर म्हणाले, "मॅडम, शर्यत तोंडावर आलीय, पोराला फरक पडतोय ना, मग कशाला खोटा ज्यूस पाजता?" त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच असेल. रिपोर्टवरचं 'नॉन-रिस्पॉन्डर' मी खोडलं आणि क्लोरहेक्सिडिनची तारीख लिहिली, आणि आता प्रत्येकाच्या फॉर्मवर औषधांच्या खाली माउथवॉशचा वेगळा रकाना घातलाय, कारण 'काही औषध चालू आहे का' विचारलं तर माउथवॉशला कोणी औषध समजतच नाही.