आमची वाटचाल: एका नंबरने घालवलेला सीझन

चपला-बुटांचं दुकान २००६ ला सुरू केलं, मी आणि मामा. सख्खे मामा नव्हेत, कारागीर, पण पेठेत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. भांडवल म्हणजे मामांची रापी, आरी, अप्पर ओढायची पकड आणि ज्यांच्यावर बूट ओढतात ते पावलाच्या आकाराचे लाकडी फर्मे, जुन्या बाजारातून आणलेले. पुढची दहा वर्षं लेडीज सँडल गेले, बरे गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१६ ला जेंट्स वॉकिंग शू काढला आणि ऑनलाइन टाकला. तिथे युरोपचा नंबर पण लिहावा लागतो. लेडीजला आमचा हिशोब पाठ होता, आपल्या नंबरात ३३ मिळवा, ५ चा ३८ होतो. तोच तक्ता मी खाली ओढत नेला, ८ ला ४१, ९ ला ४२. इथेच माती खाल्ली. आपला नंबर (यूकेचाच तो) इंचाच्या तिसऱ्या भागाने वाढतो, म्हणजे ८.५ मिमी, आणि युरोपचा ६.७ मिमीने. ५ पासून ८ पर्यंत तीन पायऱ्या चढलो की तिकडे जवळजवळ चार होतात. म्हणून ३८ ला ५ बरोबर आहे पण ४२ ला ९ नाही, ८ लागतो.

एक उदाहरण देतो. पाऊल २६.५ सेंमी, बोटांपुढे दीड सेंमी मोकळं सोडलं की फर्मा २८ सेंमीचा. त्याची दीडपट ४२, हा युरोपचा नंबर. आता २८ सेंमी म्हणजे ११ इंच, त्याची तिप्पट ३३, वजा २५, आला ८. मी या गिऱ्हाइकाला ९ पाठवत होतो, टाच निसटणार नाही तर काय होणार! त्या सीझनला निम्मा माल परत आला, जाण्यायेण्याचं भाडं आमच्या अंगावर, वर सोल घासलेले. मामांनी तीन महिने पगार घेतला नाही. आणि आमच्याकडेच शिकून समोर दुकान टाकलेल्या एका गृहस्थांनी तोच तक्ता चुकीसकट उचलला होता, पण ते फक्त लेडीजमधले छोटे नंबर विकायचे म्हणून त्यांचं काहीच बिघडलं नाही, उलट गिऱ्हाइकांना सांगत फिरले की यांना माप येत नाही. असो.

तेव्हापासून वर्णनात सगळ्यात आधी पावलाची लांबी सेंमीत लिहितो, नंबर नंतर. संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरा.

रुंदीचं आम्हाला एका शिक्षिका बाईंनी शिकवलं. रिटायर झाल्यापासून त्या रोज पर्वती चढतात. पाऊल २४ सेंमी, म्हणजे नंबर ५, पण चवडा रुंद, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, त्यामुळे सगळीकडे त्यांना ७ देत होते. लांब बूट चवड्यात बसतो हो, पण तो वाकतो चवड्याच्या पुढे, बोटांवर, आणि पाय वाकतो मागे, मग बोटांवर घडी रुतते. मामांनी ५ च्या फर्म्याला बाजूने चामड्याची चकती खिळ्यांनी ठोकली, घेर पाव इंच वाढला, काम झालं. आता प्रत्येक जोडाला चवड्याचा घेर लिहितो. नुसतं ‘वाइड फिट’ लिहून काही कळत नाही.

सोलचं पण तसंच. ईव्हीए म्हणजे फोमचा सोल, हलका आणि मऊ, दुकानात घालून चार पावलं टाकली की माणूस खूश, पण रोज तासभर चालणाऱ्याचा तो टाचेखाली दबतो आणि परत फुगत नाही. नुसता ईव्हीए ओल्या फरशीवर घसरतो पण. आम्ही वर ईव्हीए, खाली रबर लावतो, वजन वाढतं, वाढू दे. पीयू चांगला असतो पण लग्नापुरता घालून खोक्यात ठेवू नका, आपल्या पावसाळी हवेत तो बंद ठेवला की काही वर्षांत बिस्किटासारखा भुगा होतो आणि लोक आमच्याशी भांडायला येतात. वापरा त्याला.

आणि आमचा बूट सपाट रस्त्याचा आहे, हे पण लिहितो. पर्वतीच्या पायऱ्यांना चालेल, सिंहगड उतरायला नको, उतारावर पाय पुढे सरकतो, नखं काळी पडतात. हे वाचून गिऱ्हाईक जातं असं मुलगा म्हणतो. जाऊ दे, निदान बूट परत येत नाही.

मामा आता येत नाहीत, डोळे गेले. चकतीवाला फर्मा वरच्या फळीवर आहे, बाईंचा सातवा जोड गेल्या महिन्यात त्याच्यावरच ओढला.