सोमवारी सांगितलेले, गुरुवारी लिहिलेले

सोमवारी दुपारी त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. वय ५८, सोबत धाकटी बहीण, बहिणीच्या मांडीवर वही. डाव्या स्तनातील १८ मिलिमीटरच्या गाठीचा बायोप्सी अहवाल माझ्या हातात होता. मी सांगितले, की ही गाठ कॅन्सरची आहे. त्यानंतर चाळीस मिनिटे आम्ही बोललो. निघताना बहिणीच्या वहीकडे माझी नजर गेली, तर त्यात तीनच ओळी होत्या आणि तिसरी अर्धीच सुटलेली होती. त्या दारापाशी थांबून म्हणाल्या, “डॉक्टर, हे सगळं लिहून मिळेल का? पण टपाल आमच्याकडे आई उघडते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.”

लिहून देणारच होते. मी स्तनाच्या शस्त्रक्रिया करते आणि निदान सांगितल्यावर प्रत्येक रुग्णाला पत्र पाठवते. पूर्वी हे पत्र फॅमिली डॉक्टरांच्या नावे जाई आणि रुग्णाला त्याची प्रत मिळे. ‘५८ वर्षीय महिला रुग्ण डाव्या स्तनातील गाठीच्या तक्रारीसह आल्या’ हे वाक्य स्वतःविषयी वाचताना माणसाला कसे वाटत असेल, याचा विचार मी बरीच वर्षे केला नव्हता. आता पत्र रुग्णाच्या नावे असते, प्रत डॉक्टरांना जाते आणि त्यांना हवा असलेला तांत्रिक तपशील सुरुवातीच्या चौकटीत चार ओळींत येतो. पाकिटाचा प्रश्न सोपा होता. आमच्या पाकिटांवर विभागाचे नाव ठसठशीत छापलेले असते, म्हणून साधे पाकीट घ्यायचे आणि बहिणीच्या पत्त्यावर पाठवायचे ठरले.

मंगळवारी सकाळी मसुदा लिहायला बसले. पत्रात नवे काही सांगायचे नाही, समोरासमोर बोललो तेवढेच पुन्हा सांगायचे, हा माझा नियम आहे. वाईट बातमी कागदावर पहिल्यांदा वाचणाऱ्याला प्रश्न विचारायला समोर कोणी नसते. पण ‘तेवढेच पुन्हा’ हे वाटते तितके सोपे नाही. पहिल्याच परिच्छेदात मी आदराने ‘आपण’ लिहिले होते, आणि पुढे ‘आपण शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घ्यावे’ व ‘आपण पुढचा निर्णय अहवाल आल्यावर घेऊ’ ही वाक्ये लागोपाठ आली. एका ‘आपण’मध्ये फक्त त्या होत्या, दुसऱ्यात त्याही होत्या आणि मीही. घाबरलेल्या माणसाने हे कोडे कशाला सोडवायचे? भेटीत मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणत होते, तेच पत्रात ठेवले. त्याच न्यायाने ‘कर्करोग’ खोडून ‘कॅन्सर’ लिहिले, कारण खोलीत हाच शब्द उच्चारला गेला होता आणि पत्रात दुसरा आला असता, तर हा आणखी एखादा आजार तर नाही ना, अशी शंका आली असती.

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द तर मी पत्रातून हद्दपारच केला आहे. संप्रेरकांची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर उपचाराला एक चांगला मार्ग मिळतो. काखेतील ग्रंथी पॉझिटिव्ह निघाल्या, तर आजार पुढे सरकलेला असतो. शब्द एकच, पण एकदा त्याने दिलासा मिळतो आणि एकदा काळजी वाढते. म्हणून मी लिहिले, की तुमच्या गाठीतील पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या आधाराने वाढतात आणि त्यामुळे तो आधार काढून घेणाऱ्या गोळ्या तुम्हाला उपयोगी पडतील. काखेबद्दल ‘आजार नाही’ असे लिहिता येत नव्हते. ‘सोनोग्राफीत काखेतील ग्रंथी संशयास्पद दिसल्या नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी पहिल्या एक-दोन ग्रंथी काढून तपासल्यावरच खात्रीने सांगता येईल,’ अशी दोन वाक्ये लिहिली. यातले पहिलेच लिहिले असते, तर वाचायला बरे वाटले असते, पण नंतर ते माझ्याच अंगावर आले असते.

मसुदा संपत आला होता आणि केमोथेरपीच्या परिच्छेदाशी मी पोहोचले होते, तेवढ्यात साडेअकराच्या सुमारास प्रयोगशाळेचा उरलेला अहवाल आला.

हा अहवाल कशाचा, ते सांगायला हवे. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर असते. पेशींना रंग देऊन ते तपासतात आणि उत्तर शून्य ते तीन अशा श्रेणीत येते. शून्य किंवा एक म्हणजे नाही, तीन म्हणजे आहे आणि दोन म्हणजे नक्की सांगता येत नाही. त्यांचे उत्तर दोन होते. अशा वेळी पेशींतील त्या जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ ही वेगळी चाचणी करावी लागते, आणि तिला काही दिवस लागतात. सोमवारी मी त्यांना सांगितले होते, की एक चाचणी बाकी आहे आणि तिच्यामुळे एखादे औषध वाढू शकते. तेव्हा बहिणीने विचारले होते, “केमो लागेल का?” आणि मी म्हटले होते, “आत्ता तरी तसं वाटत नाही.”

अहवालात जनुकाच्या प्रती वाढलेल्या निघाल्या होत्या. याचा अर्थ शस्त्रक्रियेनंतर हर-टूला लक्ष्य करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध वर्षभर, आणि त्याच्या जोडीला सुरुवातीला काही आठवडे केमोथेरपी. पडद्यावर माझ्या मसुद्यातले अखेरचे वाक्य होते : ‘केमोथेरपीची गरज सध्या दिसत नाही.’

मी पत्र न पाठवता थांबवले. ‘एक चाचणी बाकी आहे’ असे लिहून पाठवणे सोयीचे होते आणि सोमवारपुरते ते खरेही होते. पण माझ्या टेबलावर उत्तर पडलेले असताना तसे लिहिणे खोटेपणाचे ठरले असते. आणि उत्तर पत्रातच घालणे म्हणजे माझाच नियम मोडून त्यांना बहिणीच्या घरी एकट्याने पाकीट फोडायला लावणे. उरला फोन.

फोनवर मी म्हणाले, की बाकी असलेली चाचणी आली आहे, ती समोर बसून सांगायची आहे, उद्या बहिणीला घेऊन येता येईल का. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे वाईट आहे. उद्यापर्यंत मला झोप लागणार नाही, आत्ताच सांगा.” अशा वेळी ‘उद्या बोलू’ म्हणत राहणे हा छळ असतो. त्या कुठे आहेत, जवळ कोणी आहे का, एवढे विचारून मी सांगितले, की उपचारात भर पडणार आहे, तिच्यात केमोथेरपीही असेल आणि सोमवारी मी जे म्हटले ते घाईचे होते. गाठ तीच आहे, शस्त्रक्रियाही ठरली तीच राहील. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र मी अपेक्षिला नव्हता : “आधीच दुसऱ्या स्टेजचा, त्यात हे?”

दुसरी स्टेज मी म्हटलेलीच नव्हती. मी ‘ग्रेड दोन’ म्हटले होते. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात, याची एक ते तीन अशी प्रतवारी, आणि स्टेज म्हणजे आजार किती पसरला आहे. तपासण्यांवरून त्यांची स्टेज पहिली होती. एक दिवस आणि एक रात्र त्यांनी दुसऱ्या स्टेजचा आजार वागवला होता, आणि माझ्या मसुद्यात ‘ग्रेड दोन’ हे शब्द काहीही न समजावता तसेच बसलेले होते. पत्राने ती समजूत छापील करून टाकली असती.

बुधवारी दोघी आल्या, पाऊण तास बोललो. पत्र गुरुवारी नव्याने लिहिले, दोन्ही भेटींचे मिळून एक. सुरुवात अशी केली : ‘तुमच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ आहे, हे आपण सोमवारी बोललो. आतापर्यंतच्या तपासण्यांवरून आजार पहिल्या स्टेजचा दिसतो. अहवालात “ग्रेड दोन” असे लिहिलेले आहे. ती स्टेज नव्हे.’ (इथे ‘आपण’ राहू दिले, कारण बोललो होतो ते दोघींनी मिळून.) केमोथेरपीच्या परिच्छेदाची सुरुवात माझ्या चुकीने केली : ‘केमोथेरपीची गरज वाटत नाही असे मी सोमवारी म्हणाले होते. चाचणी पूर्ण होण्याआधी मी तसे म्हणायला नको होते.’ एका सहकाऱ्यांना हे कागदावर आणणे पटले नाही. मला मात्र वाटले, की सोमवारचे वाक्य त्यांच्या कानात आहेच. पत्राने त्याकडे काणाडोळा केला, तर उरलेल्या पत्रावर तरी त्यांनी विश्वास का ठेवावा?

पाठवण्याआधी आमच्या स्तनविभागाच्या परिचारिकेला पत्र मोठ्याने वाचून दाखवले. डोळ्यांना न दिसणारे कानाला खटकते. ‘लवकरात लवकर शस्त्रक्रिया करू’ या वाक्याशी तिने मला थांबवले. “तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. हे वाचून त्या रोज उठून एकेक दिवस मोजतील.” खरे होते. ते वाक्य काढून तारीख लिहिली आणि पुढे लिहिले, की एवढ्या अवधीमुळे उपचाराच्या परिणामात फरक पडत नाही आणि हा वेळ आम्ही तयारीसाठीच ठेवला आहे. शेवटी तिचा थेट क्रमांक दिला आणि भेटीत त्यांनी दोनदा विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर लिहिले : तुमच्या खाण्यापिण्यामुळे किंवा सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मारामुळे हे झालेले नाही. पत्र दीड पानाचे झाले, मोठ्या टायपात.

शस्त्रक्रियेच्या आदल्या तपासणीला त्या ते पत्र घेऊन आल्या. घडीवर घडी घालून ते मऊ पडले होते. पहिल्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ होती. आईला सगळे सांगितले, म्हणाल्या. तेव्हा हेच वाचून दाखवले, कारण आपल्या शब्दांत सांगायला जमेना. दुसऱ्या पानाच्या समासात बहिणीच्या अक्षरात एक प्रश्न होता : ‘केमो वर्षभर?’ मी पुन्हा ते वाक्य पाहिले. ‘शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी आणि ट्रास्टुझुमॅब हे औषध वर्षभर द्यावे लागेल.’ वर्षभर द्यायचे होते ते फक्त दुसरे औषध, दर तीन आठवड्यांनी. केमोथेरपी पहिल्या काही आठवड्यांपुरती होती. चार जणांनी वाचलेल्या त्या पत्रात हे एकाच्याही लक्षात आले नव्हते. मी तिथेच वाक्याची दोन वाक्ये करून दोन्ही प्रतींवर हाताने लिहिली, खाली तारीख घातली आणि सही केली.