इंडोल: रेझोनन्स स्ट्रक्चर मोजून उत्तर का मिळत नाही

एम.एस्सी.च्या हेटेरोसायक्लिक पेपरची तयारी करताना पायरोल, फ्युरान, पिरिडिन झटपट उरकलं. अडलं ते इंडोलपाशी: इलेक्ट्रोफाइल २ नंबरच्या कार्बनवर न जाता ३ वर का जातो? क्लासच्या नोट्समध्ये लिहिलं होतं, ‘३ वर जास्त रेझोनन्स स्ट्रक्चर मिळतात.’ या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, कारण ते साफ चूक आहे. कागदावर काढून बघा.

हल्ला २ वर झाला की धन प्रभार ३ वर येतो. हा कार्बन बेन्झीन रिंगला लागून आहे, म्हणून प्रभार आत पसरतो: ४ वर, ६ वर, ७ए वर. ७ए ला नायट्रोजन जोडलेला असल्यामुळे त्याची लोन पेअरही शेवटी मदतीला येते. म्हणजे स्ट्रक्चर इथेच जास्त निघतात! पण प्रभार ३ वरून हलला की प्रत्येक वेळी बेन्झीनची ॲरोमॅटिसिटी मोडते. आणि तो ३ वरच राहिला, तर रिंग शाबूत, पण त्या कार्बनकडे सहाच इलेक्ट्रॉन.

आता ३ वर हल्ला करा. प्रभार २ वर येतो, थेट नायट्रोजनच्या शेजारी. लोन पेअर खाली उतरते आणि इमिनियम तयार होतो. कार्बन-नायट्रोजन सगळ्यांचे ऑक्टेट पूर्ण, आणि बेन्झीनला धक्काही नाही. बेन्झीन न मोडणारी स्ट्रक्चर दोनच, पण हा इमिनियम एकटा बाकी सगळ्यांना भारी पडतो. इंटरमिजिएट स्थिर, म्हणून त्याच्याकडे जाणारा ट्रान्झिशन स्टेटही कमी ऊर्जेचा आणि रिॲक्शन तिकडून वेगाने होते. हे जमलं तेव्हा फार बरं वाटलं.

पायरोलमध्ये मात्र मोजणी चालते. तिथे मोडायला बेन्झीनच नाही, म्हणून २ वरची तीन स्ट्रक्चर ३ वरच्या दोनांना हरवतात. नोट्समधली सवय बहुधा तिथूनच आली असावी.

हो, काढताना प्रत्येक स्ट्रक्चरखाली ‘बेन्झीन शाबूत’ किंवा ‘मोडलं’ असं लिहाच. परीक्षेत उत्तर आपोआप सुचतं.

प्रॅक्टिकलला विल्समायर केलं, तेव्हा पुरावाही मिळाला. थंड डीएमएफमध्ये POCl₃, मग इंडोल, शेवटी अल्कली घालून उकळी. एनएमआरमध्ये ३ वरच्या हायड्रोजनचा ६.५ पीपीएमजवळचा सिग्नल गायब, ९.९ ला अल्डिहाइड हजर, आणि २ वरचा हायड्रोजन ८.३ च्या आसपास जागेवर.

३ वर आधीच गट असेल तर प्रॉडक्ट २ वर मिळतो, हे वाचून गोंधळू नका. अशा वेळीही इलेक्ट्रोफाइल कित्येकदा आधी ३ वरच बसतो, तोच इमिनियम बनतो, आणि मग एक गट सरकून २ वर जातो.