विहीर आणि विहिरीवर

जूनमध्ये सातवीच्या मुलांना मी एक विषय देते: काल शाळेतून घरी गेल्यावर काय काय झालं. वेळ पंचवीस मिनिटं, मदत कुणाचीच नाही. ‘माझा आवडता ऋतू’ मुद्दाम टाळते. तो गाईडमधून पाठ होऊन येतो. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा तोच विषय, तेवढाच वेळ.

मग जूनचे कागदही मी नव्याने तपासते. नावं-तारखा दुमडून दोन्ही गठ्ठे मिसळते आणि मुद्दे तेच ठेवते: आशय, क्रम, वाक्यरचना, शुद्धलेखन. यंदा एका मुलीला जूनमध्ये क्रमासाठी चारपैकी तीन गुण दिले होते. तोच कागद आता हाती आला तेव्हा दोनच दिले. चार महिन्यांत माझीच नजर कडक झाली होती. तिच्या नव्या कागदाला चार पडले. जुने तीन धरले असते, तर तिची वाढ निम्मीच दिसली असती.

पण शुद्धलेखनात ती तीनावरून दोनावर आली. जूनमध्ये साठ शब्दांत तीन चुका, आता एकशे साठ शब्दांत सोळा. लेखन लांबलं की चुका वाढणारच, म्हणून शंभर शब्दांमागे मोजल्या. तरी पाचाच्या दहा झाल्या.

संध्याकाळी त्या सोळा चुका एकेक करून वहीत उतरवल्या. अकरा एकाच जातीच्या निघाल्या: ‘विहीरीवर’, ‘दूधात’, ‘फूलांना’. मूळ शब्द तिला बरोबर येतात. प्रत्यय लागला की अशा शब्दांतलं उपान्त्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं, विहीरचं विहिरीवर होतं, हे अजून हातात बसलेलं नाही. जूनच्या कागदात ही चूक नव्हती, कारण असे शब्दच नव्हते. तेव्हा सगळं ‘मी घरी गेले. मग जेवले. मग झोपले.’ आता ‘विहीरीवर गर्दी होती म्हणून मी थांबले, तेवढ्यात आजीने हाक मारली’ असं लिहिते. आठ दिवस सामान्यरूपाचा सराव घेतला तर यातल्या बऱ्याच चुका जातील.

मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, घसरण कशाला दाखवता? तीनच राहू द्या.” मी दोनच ठेवले. ‘लेखनात प्रगती आहे’ हे एकच वाक्य अख्ख्या वर्गाला उतरवून काढण्याची आपल्याकडे जी सवय पडली आहे, तिचा मला मनापासून राग येतो. पण वर्णनात्मक नोंदीच्या बोटभर रकान्यात हे सगळं कसं मांडायचं, ते मलाही अजून जमलेलं नाही.

पालकसभेत तिची आई दोनाचा आकडा पाहून म्हणाली, “बाई, चुका वाढल्या का हिच्या?” मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. जूनचा तिने पटकन बाजूला सारला. दुसरा बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, “दूध हिच्या हातून सांडलं होतं होय? मी मांजराला बोल लावत होते.”