भाकरीच्या वेळेचा मोबाईल

स्वीडनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये पालकांना सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन मुळीच दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास दाखवावी. मी राहतो त्या स्वीडनमधील ओळखीचे पालक हे शेजाऱ्यांनाही अशा अभिमानाने ऐकवतात, की मला बोलल्यावाचून राहवत नाही. भारतातील आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हीच मर्यादा त्याआधीच सांगितली होती. शिवाय येथे एका मुलामागे आईवडिलांना मिळून ४८० दिवसांची भरपगारी नसली तरी भत्त्याची रजा मिळते. जळगावकडे मे महिन्यात अंगणात पाय ठेववत नाही आणि वहिनी एकटी सहा जणांच्या कळण्याच्या भाकरी थापते, तेव्हा तीन वर्षांच्या पुतण्याच्या हाती मोबाईल जातो, यात मला नवल वाटत नाही.

मात्र भाकरीच्या वेळेचा तो तासच बदलण्याजोगा आहे, म्हणून वहिनीला जे सांगितले तेच येथे लिहितो. मोबाईलमधील पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करावी, म्हणजे कार्टून संपते तेथे थांबणे सोपे जाते. मध्येच हिसकावले तर रडणे ठरलेलेच. त्यानंतर मोबाईल कपाटात, नजरेआड ठेवावा. चुलीपासून दूर परात पालथी घालून मुलाला कणकेचा लहान गोळा आणि छोटे लाटणे द्यावे, आणि पहिली पाच-दहा मिनिटे घरातील कोणीतरी त्याच्याजवळ बसावे, कारण स्क्रीनची सवय झालेले मूल एकदम एकटे खेळत नाही. कणकेचा कंटाळा आला की डबे आणि त्यांची झाकणे मिसळून जोड्या लावायला द्यावीत; सगळी भांडी एकदम पुढे मांडली तर मूल ती नुसती विस्कटते. चिंचोके, सागरगोटे तीन वर्षांखालील मुलाला देऊ नयेत, ते घशात अडकतात. मोठ्या मुलालाही नजरेसमोरच द्यावेत.

सुरुवातीचे काही दिवस रडणे कमी होण्याऐवजी वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी आजोबांनी दया येऊन मोबाईल दिला, तर मूल एवढेच शिकते की जास्त वेळ रडले म्हणजे मिळतो. म्हणून घरातील सर्वांचे आधी एकमत हवे. मोबाईल पाहत भरवलेले घास मूल पोट भरले की नाही हे न कळताच गिळते. त्यामुळे मोबाईल काढल्यावर ते दोन-चार घास कमी खाईल, पण मागे लागू नये, पुढच्या जेवणाला भूक आपोआप लागते. मूल कणकेच्या गोळ्याशी स्वतःशीच बोलू लागले, की बदल रुळला असे समजावे.

माझ्या मुलीचा आजीशी होणारा व्हिडिओ कॉल मात्र मी त्या एका तासात धरत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञही अशा कॉलला सूट देतात, आणि दिली नसती तरी मी धरला नसता.