आमची वाटचाल : ६४ रुपयांचा बुश

भोसरीच्या शेडमध्ये दोन सीएनसी, ईएन-८ च्या बारमधून निघणारे पंपाचे बुश, आणि महिन्याला १४,००० नगांची ताकद. आमचा सगळ्यात जुना पंपवाला त्यातले १०,००० नग ८४ रुपयांनी उचलायचा. मधली बरी वर्षं सोडून देतो. सांगायचंय ते एका ६४ रुपयांच्या ऑर्डरचं.

बाहेरगावच्या व्यापाऱ्याला ३,००० नग हवे होते, भाव ६४. आमच्या कॉस्टशीटवर नग ७४ ला पडत होता, म्हणून आधी नाहीच म्हटलं. पण त्यातले २० रुपये म्हणजे भाडं, मशीनचे हप्ते, ऑपरेटरचा पगार आणि बिलातला डिमांड चार्ज. हे महिन्याचे २ लाख रुपये; नग वाढले म्हणून ते वाढत नाहीत. (ऑपरेटर नगावर असेल किंवा तिसरी पाळी लावावी लागणार असेल, तर मात्र ती मजुरी नगागणिक वाढणाऱ्या खर्चात धरा.) खरोखर वाढतो तो ५४ चा खर्च: चिपचं भंगार वजा करून बार, इन्सर्ट, कूलंट, युनिटची वीज, बाहेरचं झिंक प्लेटिंग, पॅकिंग. म्हणजे ६४ लाही नगामागे १० रुपये सुटतात. ३०,००० मधून नव्या सॉफ्ट जॉ आणि गेजचे ६,००० गेले, उरले २४,०००. मशीन तशीही उभीच होती.

मग व्यापारी म्हणाला, ५,००० घेतो. इथेच फसगत असते. मोकळी ताकद ४,००० चीच. वरच्या १,००० नगांसाठी पंपवाल्याचा माल थांबवायचा, म्हणजे नगामागे ३० प्रमाणे ३०,००० सोडायचे. ४,००० वर ३४,००० उरत होते, ५,००० वर १४,०००! त्या शेवटच्या हजारांचा किमान भाव ५४ अधिक ३०, म्हणजे आपला नेहमीचाच ८४. आम्ही ४,००० वर थांबलो.

व्यापारी ९० दिवसांनी पैसे देणार होता. ४,००० नगांचे २,१६,००० अडकले. १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज साधारण ६,५००. हे आम्ही धरलंच नव्हतं. तेवढ्यावर निभावलं असतं, पण शेजारच्या शेडवाल्याने आमचा भाव पंपवाल्याच्या पर्चेसमध्ये पोचवला. त्याने असं का केलं, ते त्यालाच ठाऊक. लगेच फोन आला, "आम्हालाही ६४ च लावा."

१०,००० नगांवर १० रुपयेच सुटले तर १ लाख, आणि भाडं-हप्ते-पगार २ लाखांचे. दोन महिन्यांत शेडला कुलूप लागलं असतं. पंपवाल्याचे मालक जुने, त्यांना कॉस्टशीट उघडून दाखवली, ७८ वर तुटलं. एका वेळच्या २७,५०० साठी दर महिन्याचे ६०,००० गेले.

आता असा भाव फक्त वेगळ्या लांबीच्या, वेगळ्या ड्रॉइंगच्या मालाला देतो; निम्मे पैसे आगाऊ, आणि कोटेशनवर 'एकच लॉट' असं हाताने लिहून.